पन्नाशीनंतर प्रोफाइल लिहिताना या चुका टाळा

चाकणची नोकरी सुटली तेव्हा मी 54 वर्षांचा होतो, क्वालिटी खात्यातला. प्रोफाइलवर पहिलीच ओळ ठोकली होती : ‘32 वर्षांचा दांडगा अनुभव’. चार महिने फोन नाही. एकदा भोसरीत जुन्या सहकाऱ्याच्या युनिटमध्ये चहाला गेलो, तिथल्या तिशीतल्या क्वालिटी इंजिनिअरला ते वाचायला दिलं. तिने तिसऱ्या ओळीवर बोट ठेवलं. “सर, टीएस 16949 अजून तसंच आहे?”

वाहनांच्या भागांच्या गुणवत्तेचं ते मानक जाऊन त्याजागी आयएटीएफ 16949 आलं 2016 मध्ये. नव्या मानकाची ऑडिटं मी स्वतः केली होती, फक्त ओळ बदलायची राहिली. वाचणारा एवढंच समजतो की हा माणूस तिथेच थांबलाय. तेव्हा आधी जुनी नावं शोधून काढा. साल पुसून वय लपवायला मात्र जाऊ नका; पदवी कधीची हे मुलाखतीत पाच मिनिटांत कळतं, आणि मग लपवल्याचंच जास्त खुपतं.

दुसरी चूक, सर्टिफिकेटांचा ढीग. मीही दोन ऑनलाइन कोर्स चिकटवले होते. कुणी विचारलंही नाही.

उपयोग झाला तो मी बनवलेल्या एका पानाचा. एफएमईएमध्ये, म्हणजे काय बिघडू शकतं हे आधीच मांडायच्या पद्धतीत, आम्ही वर्षानुवर्षं दोषाचं गांभीर्य, वारंवारता आणि तो शोधणं किती अवघड या तिन्हींचे आकडे गुणून आरपीएन हा जोखमीचा आकडा काढायचो, आणि बऱ्याच कारखान्यांत 100 च्या वर गेला की कारवाई. अमेरिकन आणि जर्मन वाहन उद्योग संघटनांच्या 2019 च्या एआयएजी-व्हीडीए हँडबुकने गुणाकार काढून टाकला आणि कृतीचा अग्रक्रम ठरवणारा तक्ता दिला. मी दोन उदाहरणं शेजारी शेजारी मांडली. ब्रेकच्या ब्रॅकेटचं वेल्डिंग : 9, 4, 2, म्हणजे आरपीएन 72. रंगावरचा डाग : 3, 6, 6, म्हणजे 108. जुन्या हिशोबात आपण डागामागे धावणार. नव्या तक्त्यात वेल्डिंग ‘उच्च’ येतं आणि डाग ‘कमी’, कारण तिथे आधी गांभीर्य बघतात.

पानाखाली माझ्या अनुभवातल्या दोन ओळी : अशा ब्रॅकेटला तडा नेमका कुठे जातो, आणि तो तपासणीत का निसटतो. हे तक्त्यात नसतं, 32 वर्षं इथे कामाला येतात.

ते पान घेऊन मी त्याच युनिटमध्ये पंधरा मिनिटं बोललो. तिथे तिसरी चूक होता होता राहिली. तोंडात “आमच्या वेळी” आलंच होतं, ते गिळलं आणि विचारलं, “तुमच्याकडे वेल्डिंगला किती आकडा देता?” मग दोघं पोरं फळ्यापाशी भांडायला लागली. एकाने त्यांची शीट माझ्यापुढे सरकवली : “सर, हे जरा बघता का?”

पुढच्या महिन्यात त्याच युनिटने आठवड्यातून दोन दिवस बोलावलं. प्रोफाइलची पहिली ओळ आता अशी आहे : ‘वेल्डिंग पार्ट्सचे एफएमईए नव्या पद्धतीत बदलून देतो’. वर्षं तिसऱ्या ओळीत गेली.