व्हिसावरची शेवटची तारीख म्हणजे परतीची तारीख नव्हे: या चुका टाळा

गुहागर-दापोली पट्ट्यातल्या लोकांचे पासपोर्ट-व्हिसाचे फॉर्म मी अनेक वर्षं भरून देतोय. पासपोर्ट हातात पडला की निम्म्या लोकांना वाटतं, आता जगात कुठंही जाता येईल. पासपोर्ट आपलं सरकार देतं. तुम्ही कोण आणि कुठल्या देशाचे, एवढंच तो सांगतो. व्हिसा मात्र समोरचा देश देतो. कशासाठी यायचं, कधी यायचं, किती वेळा यायचं आणि किती दिवस राहायचं, हे तो ठरवतो. त्यातही विमानतळावरचा इमिग्रेशन अधिकारी शेवटच्या क्षणी नाही म्हणू शकतोच.

यातल्या 'किती दिवस' या शब्दांकडे फार कमी लोक बघतात.

एक निवृत्त शिक्षक काका आणि काकू. आंब्याचा हंगाम आटोपून जर्मनीला मुलीकडे निघाले होते, गणपतीच्या तयारीला परत यायचं होतं. 14 जूनला विम्याच्या कागदाची झेरॉक्स काढायला आले, तेव्हा सवयीने मी व्हिसा उघडून पाहिला. शेंगेन व्हिसा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा एकच व्हिसा, 15 जून ते 29 जुलै. एंट्री एक. आणि खालच्या ओळीत 'ड्युरेशन ऑफ स्टे' समोर 30 दिवस. परतीचं तिकीट 27 जुलैचं.

काका म्हणाले, "अरे, 29 पर्यंत आहे ना? दोन दिवस आधीच निघतोय."

मी भिंतीवरचं कालनिर्णय खाली काढलं. विमान मुंबईहून 17 च्या रात्री सुटणार आणि 18 जूनला जर्मनीत उतरणार. उतरण्याचा दिवस पहिला धरायचा, निघण्याचा दिवसही मोजायचा. 30 जूनला तेरा दिवस होतात, तिसावा दिवस येतो 17 जुलैला. म्हणजे 27 जुलै हा चाळिसावा दिवस. दहा दिवस जास्त! काकूंचा चेहरा उतरला. त्यांनी कुळथाचं पीठ आणि आंबापोळीसुद्धा बांधून ठेवली होती.

मग 29 जुलै आलं कुठून? या व्हिसावर सहसा राहण्याच्या दिवसांपेक्षा पंधरा दिवस जास्तीचे धरतात. प्रवास थोडा मागेपुढे झाला तर अडचण येऊ नये, म्हणून. 15 जून ते 29 जुलै हे मोजून बरोबर पंचेचाळीस दिवस होतात, तीस अधिक पंधरा. ते पंधरा दिवस तारीख सरकवण्यासाठी आहेत, जास्त राहण्यासाठी नाहीत. मुलीने तिकीट काढताना फक्त वरची तारीख पाहिली होती. तिकीट बदलायला पैसे गेले, पण 16 जुलैचं मिळालं. मी 17 चं घेऊ दिलं नाही, कारण विमान रद्द झालं तर हाताशी एक दिवस हवा. दिवस जास्त झाले असते तर ते नोंदीत राहिले असते. आता तिथे ये-जा कॉम्प्युटरवर बोटांच्या ठशांसह नोंदवायला सुरुवात झाली आहे. दंड होतो, पुढचा व्हिसा नाकारला जाऊ शकतो.

त्याच व्हिसावर 'एंट्री एक' होती. मुलगी त्यांना मधे चार दिवस लंडन दाखवणार होती. लंडन शेंगेनमध्ये येत नाही. तिथे वेगळा व्हिसा लागतो, आणि शेंगेन देशांबाहेर पाऊल टाकलं की ही एकमेव एंट्री संपते. स्वित्झर्लंड शेंगेनमध्येच येतं, तिथे जायला हरकत नव्हती, तेच ठरलं.

दुसरी चूक आखाताची आहे आणि तिचा मला मनापासून राग येतो. "व्हिजिटवर जा, तिथे कामाचा व्हिसा करून घेऊ," असं एजंट सांगतो आणि पोरं घाईने तयार होतात. व्हिजिट व्हिसावर काम करायची परवानगी नसते. पगार थकला तर तक्रार करायला कागदच नसतो. दहावी न झालेल्या मुलाच्या पासपोर्टवर 'ईसीआर'ची नोंद असते. त्याला आखातात नोकरीसाठी जायचं तर आधी सरकारची इमिग्रेशन मंजुरी लागते. त्याबरोबर प्रवासी भारतीय विमा योजनेचं दहा लाखांचं अपघाती संरक्षण सक्तीने मिळतं. व्हिजिटवर पाठवणारा एजंट हे सगळं वगळतो, आणि मुलाला ते कळत नाही. माझ्याकडे कोणी आलं की मी आधी सरकारच्या eMigrate साइटवर त्या एजंटचं नाव आणि परवाना क्रमांक शोधतो. नाव नसेल, तर फॉर्म भरत नाही. दोन महिने थांबावं लागलं तरी थांबा.

पासपोर्टची मुदत परतल्यानंतर किमान सहा महिने उरलेली हवी. शेंगेनला तीन महिने चालतात, पण मी सहाच धरतो.

पासपोर्ट नवा केला आणि अमेरिकेचा व्हिसा जुन्यात चालू असेल, तर दोन्ही पुस्तकं बरोबर घ्या. जुनं माळ्यावर टाकू नका.