टीव्हीला कॉम्प्युटर जोडलाय आणि अक्षरं मागून येतायत? या चुका टाळा

फ्लेक्सच्या दुकानात, टायपिंग क्लासमध्ये किंवा घरी अभ्यासाच्या टेबलावर कॉम्प्युटरला टीव्ही जोडलेला आता जळगाव-धुळ्यापासून शहाद्यापर्यंत कुठेही दिसतो. ४३ इंचांवर डिझाइन मोठं दिसतं, हे खरंच. पण की दाबली की अक्षर क्षणभर थांबून उमटतं आणि माउसचा बाण रबराने ओढल्यासारखा मागून येतो. की दाबल्यापासून तिचा परिणाम पडद्यावर दिसेपर्यंत जो वेळ जातो, तोच इनपुट लॅग.

खोक्यावरचा '१ मिलिसेकंद' बघून खरेदी

तो आकडा रिस्पॉन्स टाइमचा असतो, म्हणजे पडद्यावरचा ठिपका एका रंगातून दुसऱ्या रंगात किती लवकर जातो याचा. तो खराब असेल तर हलत्या चित्रामागे पुसट सावली दिसते. चित्र मुळात उशिरा येणं ही वेगळी गोष्ट आहे आणि तिचा आकडा खोक्यावर सहसा नसतोच.

न मोजता रॅम वाढवणं किंवा महागडी केबल घेणं

केबलमधून सिग्नल जायला मिलिसेकंदाचा हजारावा भागही लागत नाही, त्यामुळे त्या खर्चाने लॅग कमी होत नाही. आधी मोजा. फोनमध्ये सेकंदाला २४० फ्रेमचा स्लो मोशन असेल तर तेवढं पुरे. कीबोर्ड आणि पडदा दोन्ही दिसतील असा फोन टेकवून ठेवा, नोटपॅड उघडा आणि एकच की दहादा दाबा. मग व्हिडिओ एकेक फ्रेम पुढे सरकवत की तळाला टेकल्यापासून अक्षर दिसेपर्यंतच्या फ्रेम मोजा आणि सरासरी काढा. एक फ्रेम म्हणजे सुमारे ४.२ मिलिसेकंद.

समजा, टीव्हीवर सरासरी ३८ फ्रेम आल्या, म्हणजे १५८ मिलिसेकंद. तोच कॉम्प्युटर आणि तोच कीबोर्ड साध्या मॉनिटरला जोडल्यावर १४ फ्रेम, म्हणजे ५८. मधले १०० मिलिसेकंद टीव्हीचे. कॉम्प्युटरचा त्यात दोष नाही. दोन्ही वेळा नोटपॅड पडद्यावर एकाच उंचीवर ठेवा, कारण चित्र वरून खाली रेखाटलं जातं.

टीव्ही हा वेळ कुठे घालवतो? सिनेमा गुळगुळीत दिसावा म्हणून तो दोन फ्रेमच्या मध्ये स्वतःची फ्रेम बनवून घालतो, आणि त्यासाठी पुढची फ्रेम येईपर्यंत त्याला थांबावंच लागतं. ६० हर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला ६० फ्रेम येत असताना, एक फ्रेम १६.७ मिलिसेकंदांची. अशा सहा फ्रेम अडवून ठेवल्या की शंभर झाले.

उपाय टीव्हीच्या मेनूतच आहे. ज्या पोर्टला कॉम्प्युटर जोडलाय त्यावर असताना Game Mode चालू करा. बऱ्याच टीव्हींवर ही सेटिंग प्रत्येक पोर्टची वेगळी असते, त्यामुळे केबल दुसऱ्या पोर्टला लावली की ती पुन्हा करावी लागते. इनपुटचं नाव PC ठेवायची सोय असेल तर तेही करून बघा. Game Mode नसेल तर चित्र गुळगुळीत करणारी आणि नॉइज कमी करणारी सेटिंग बंद करा. मग पुन्हा मोजा.

इथे एक चूक फार होते. Game Mode मध्ये रंग फिके वाटतात म्हणून लोक परत भडक पिक्चर मोडवर जातात आणि लॅग परत येतो. रंग Game Mode च्या आतच जुळवा.

एवढं करूनही बाण धक्के घेत असेल तर विंडोज ११ मध्ये Settings > System > Display > Advanced display उघडा. तिथे ३० हर्ट्झ दिसलं तर जुनं पोर्ट किंवा ॲडॉप्टर फोरके चित्र तेवढ्याच वेगाने पाठवतंय. १९२०×१०८० करून ६० हर्ट्झ निवडा.

सगळ्या कामांना एकच माप लावणं

रावेर-सावद्याकडे केळीच्या गाड्यांचा हिशेब आकड्यांच्या कींवर भरणाऱ्याला १०० मिलिसेकंद जाणवणारही नाहीत. मराठी ३० च्या टायपिंग परीक्षेची तयारी करणाऱ्यालाही, नजर कागदावर असेल तर, वेग कमी पडत नाही: मिनिटाला साधारण १५० कळा धरल्या तरी दोन कळांमध्ये ४०० मिलिसेकंद असतात. त्रास होतो तो पडद्याकडे बघून टाइप करणाऱ्याला. मराठीत जोडाक्षर प्रत्येक कळीला रूप बदलतं, ते जुळलं का हे बघायला तो थांबतो. बॅकस्पेस दाबून धरली तर आणखी पंचाईत. सेकंदाला ३० अक्षरं पुसली जात असतील तर १५० मिलिसेकंदांच्या लॅगमध्ये चार-पाच अक्षरं जास्तीची जातात.

चित्रकाराला लॅग सर्वात आधी दिसतो. पडद्यावरच पेन टेकवून काढताना हात सेकंदाला २० सेंटीमीटर सरकत असेल, तर १०० मिलिसेकंदांत रेघ निबेच्या दोन सेंटीमीटर मागे पडते. मात्र पडद्याला दोष देण्याआधी ॲपमधलं Stabilizer शून्यावर आणा. रेघ सरळ करण्यासाठी ते मुद्दाम मागे राहतं.

गेममध्ये क्रिकेटचा फटका असो की नेमबाजी, ५० मिलिसेकंदांचा फरकही खेळाडूला कळतो. फोनवरचा गेम वायरलेसने टीव्हीवर टाकून खेळू नका. चित्र आधी आवळून पाठवलं जातं, मग टीव्हीत उलगडतं, आणि हा उशीर Game Mode ने जात नाही. केबलने जोडा, किंवा फोनच्याच पडद्यावर बघून खेळा आणि टीव्ही बाकीच्यांना बघायला ठेवा.