एक्स्चेंजला पैसे पाठवले, पण रेफरन्स कोड राहिला? या चुका टाळा

सांगलीत हळदीच्या पेढीवर दिवाणजी असलेले माझे शेजारी परवा घामाघूम होऊन घरी आले. "दादा, साडेअठ्ठेचाळीस हजार गेले बघा." सहकारी बँकेच्या शाखेतून त्यांनी क्रिप्टो एक्स्चेंजच्या खात्यावर एनईएफटी केली होती. एक्स्चेंजने स्क्रीनवर दिलेला कोड फॉर्मच्या शेऱ्यात लिहायचा राहिला. खात्यातून रक्कम वजा झाली, ॲपवर मात्र शून्यच.

पैसे बुडालेले नसतात. एक्स्चेंजच्या एकाच खात्यात असंख्य लोकांचे पैसे येतात आणि कोणते कोणाचे हे त्या कोडवरून कळतं. कोड नसला की नोंद बिनधनीची पडून राहते. ती आपली आहे हे आपल्याला दाखवून द्यावं लागतं.

ते दुसऱ्यांदा, कोड टाकून, तेवढीच रक्कम पाठवायला निघाले होते. मी थांबवलं. तसं केलं की एकाच रकमेच्या दोन नोंदी होतात आणि गुंता वाढतो. बँकेत जाऊन "व्यवहार रद्द करा" म्हणण्यातही अर्थ नाही. समोरच्या खात्यात जमा झालेली रक्कम त्या खातेदाराच्या संमतीशिवाय परत येत नाही.

खरी अडचण पुढे होती. एक्स्चेंजकडे केलेल्या तक्रारीत त्यांनी काउंटरच्या पावतीवरचा सहा आकडी क्रमांक दिला होता. तो शाखेचा स्वतःचा व्हाउचर नंबर, एक्स्चेंजच्या बँकेला तो दिसतच नाही. लागतो तो यूटीआर, म्हणजे बँकांमधल्या त्या व्यवहाराचा स्वतंत्र क्रमांक. एनईएफटीचा यूटीआर १६ अक्षरांचा असतो आणि त्यात बँकेची अक्षरं असतात. आयएमपीएस असेल तर १२ आकडी क्रमांक. आपल्याकडच्या बऱ्याच लहान सहकारी बँका मोठ्या बँकेमार्फत एनईएफटी करतात, त्यामुळे यूटीआरमध्ये त्या मोठ्या बँकेची अक्षरं दिसली तर बिचकू नका.

दुसऱ्या दिवशी शाखेतून यूटीआर लिहून घेतला आणि शिक्क्यासह खातेउतारा घेतला. मग ॲपमधूनच जुन्या तक्रारीखाली लिहिलं: तारीख, पैशापर्यंत अचूक रक्कम, यूटीआर, पाठवणाऱ्या खात्याचे शेवटचे चार आकडे, पैसे ज्या खात्यात गेले त्याचा क्रमांक आणि राहिलेला कोड. सोबत उताऱ्याचं ते पान. नवी तक्रार उघडली नाही, कारण दोन तक्रारी दोन माणसांकडे जातात. तीन दिवसांनी रक्कम दिसली.

खातं त्यांच्याच नावाचं होतं म्हणून हे जमलं. बायकोच्या किंवा पेढीच्या खात्यातून पाठवले असते, तर एक्स्चेंज सहसा ते जमा करत नाही, मूळ खात्यावर परत करतं. तेव्हा जुळवणी मागू नका, परतावाच मागा.

यूटीआर देऊनही एक्स्चेंज "नोंद सापडत नाही" म्हणालं, तर आपल्या शाखेला विचारा: समोर जमा झाल्याचा निरोप आला आहे का, की रक्कम परत आली? आला असेल तर तसं लेखी घ्या आणि तक्रारीला जोडा.

आणि टेलिग्रामवर "लगेच जुळवून देतो" म्हणत कोणी ओटीपी मागितला, तर त्याला उत्तरच देऊ नका. जुळवणीला ओटीपी कधीच लागत नाही.