टीव्हीवर नॅस दिसायलाच हवा: पाहुणे येण्याआधीची तयारी

आई-बाबांच्या लग्नाची व्हिडिओ कॅसेट आम्ही फाइल करून घेतली होती आणि ती नॅसवर, म्हणजे घरच्या नेटवर्कला जोडलेल्या फाइली साठवायच्या पेटीवर, ठेवली होती. त्यांच्या लग्नाच्या चाळिसाव्या वाढदिवसाला गंगापूर रोडच्या घरी, वरच्या हॉलमध्ये, सगळ्यांना ती दाखवायची होती. पंचवटीहून आत्या आली, देवळालीहून मामा आला, जेवणं झाली, आणि टीव्हीच्या यादीत नॅसच दिसेना. दीड तास मी नॅसशी झटत होते आणि चूक नॅसमध्ये नव्हतीच. पुढच्या महिन्यात पुन्हा सगळे जमणार आहेत, म्हणून ही तयारी लिहून ठेवते. तुमच्याही घरी उपयोगी पडेल.

नॅस चालू, टीव्ही चालू, वायफाय चालू, एवढं सांगायला नको. फाइल एमपी४ मध्ये, चित्र एच.२६४ आणि आवाज एएसी असा ठेवा. आमच्या नॅसवरचे व्हिडिओ टीव्हीला पुरवायला मिनीडीएलएनए हा प्रोग्राम आहे. ते फाइल आहे तशी पाठवतं, टीव्हीला झेपेल अशी बदलून देत नाही. त्यामुळे टीव्हीला न कळणारा आवाज असेल तर चित्र मुकंच चालतं.

आता मुख्य गोष्ट. टीव्हीच्या सेटिंगमध्ये नेटवर्कची माहिती उघडा आणि टीव्हीचा आयपी पत्ता कागदावर लिहा. त्याखाली नॅसचा पत्ता लिहा. पत्त्यात टिंबांनी वेगळे केलेले चार आकडे असतात, त्यातले पहिले तीन सारखे आहेत का ते बघा. नसतील तर बाकी कशालाही हात लावू नका. त्या रात्री आमच्या नॅसचा पत्ता `192.168.1.20` होता आणि टीव्हीचा `192.168.0.104`. तिसरा आकडा वेगळा, म्हणजे एकाच घरात दोन वेगळी नेटवर्कं. मी तो आकडा पाहिलाच नाही.

हे झालं कसं, तर फायबर इंटरनेटवाल्यांचा डबा, म्हणजे आमचा मुख्य राउटर, खाली दाराजवळ आहे आणि नॅस त्यालाच जोडलेला आहे. वरच्या मजल्यावर सिग्नल पोचत नाही म्हणून तिथे आम्ही दुसरा राउटर घेतला. खालून आलेली केबल त्याच्या WAN भोकात, म्हणजे इंटरनेट आत घ्यायच्या भोकात, लावली आणि वायफायचं नाव दोन्हीकडे एकच ठेवलं. WAN मध्ये केबल लावल्यावर तो राउटर स्वतःचं वेगळं नेटवर्क उभं करतो आणि आपले पत्ते वाटायला लागतो. आदल्या दिवशी मी चाचणी घेतली तेव्हा टीव्ही खालच्या खोलीत होता, खालच्या डब्याला जोडलेला, आणि सगळं सुरळीत चाललं. दुसऱ्या दिवशी दादाने टीव्ही उचलून वर नेला. नाव तेच असल्यामुळे त्याने गुपचूप वरचा राउटर पकडला. म्हणून सांगते, चाचणी सिनेमा बघणार त्याच खोलीत घ्या, आणि टीव्ही हलवला की पत्ता पुन्हा बघा.

मला सगळ्यात जास्त फसवलं ते माझ्या फोनने. फोन वरच्याच वायफायवर होता आणि त्यात `http://192.168.1.20:8200/` हे मिनीडीएलएनएचं पान लगेच उघडत होतं. व्हिडिओंची संख्याही बरोबर दिसत होती. मग मी समजले की नेटवर्क ठीक आहे, आणि नॅस पुन्हा पुन्हा चालू-बंद करत बसले. पान उघडणं आणि टीव्हीला नॅस सापडणं या दोन निराळ्या गोष्टी आहेत. फोनला नेमका पत्ता दिला होता. वरचा राउटर ती मागणी खालच्या नेटवर्कात नेऊन देतो आणि उत्तर परत आणतो. टीव्हीला मात्र नॅसचा पत्ता माहीत नसतो. तो `239.255.255.250` या सामायिक पत्त्यावर, पोर्ट १९०० वर, हाक मारतो: इथे कोणी मीडिया सर्व्हर आहे का? जो ऐकतो तो थेट टीव्हीला उत्तर देतो. ही हाक घरातले साधे राउटर एका नेटवर्कातून दुसऱ्यात जाऊ देत नाहीत. वरची हाक वरच विरली, खाली नॅस तयार असून त्याच्या कानावर काही पडलं नाही. आणि बहुतेक टीव्हींमध्ये नॅसचा पत्ता हाताने टाकायला जागाच नसते. म्हणून फोनवर विसंबू नका, टीव्हीचाच पत्ता बघा.

उपाय दहा मिनिटांचा आहे. वरच्या राउटरच्या सेटिंगमध्ये Operation Mode असेल तर Access Point निवडा. तसा पर्याय नसेल तर आधी WAN मधली केबल काढा, मग त्याचा स्वतःचा पत्ता खालच्या नेटवर्कातला पण कोणी न वापरलेला द्या, उदाहरणार्थ `192.168.1.2`, आणि तो कागदावर लिहून राउटरवरच चिकटवून ठेवा, नाहीतर पुढे सेटिंग उघडताना सापडणार नाही. मग त्यातलं DHCP, म्हणजे पत्ते वाटायचं काम, बंद करा. शेवटी खालून आलेली ती केबल LAN भोकात लावा. टीव्ही बंद करून चालू करा म्हणजे तो नवा पत्ता घेईल. मग पुन्हा कागद, पुन्हा पहिले तीन आकडे. आमचा टीव्ही `192.168.1.37` वर आला आणि नॅस लगेच यादीत दिसला. तोवर आत्या पंचवटीला परतली होती.

तीन आकडे जुळूनही दिसत नसेल तर टीव्ही पाहुण्यांसाठीच्या Guest वायफायवर नाही ना, आणि राउटरमध्ये AP Isolation चालू नाही ना, ते बघा. दोन्हींमुळे घरातली यंत्रं एकमेकांपासून तोडली जातात.

नॅस आधी दिसतो आणि चार-पाच मिनिटांनी गायब होतो, असं असेल तर नेटवर्कच्या केबली जोडायला मध्ये बसवलेल्या स्विचमधलं IGMP Snooping तपासा. सामायिक हाक कोणाला ऐकायची आहे याची नोंद तो स्विच ठेवतो. नेटवर्कात अधूनमधून ‘अजून ऐकताय ना?’ असं विचारणारं कोणी नसेल तर ती नोंद साधारण २६० सेकंदांनी पुसली जाते आणि हाक नॅसपर्यंत जाणं थांबतं. चालू असलेला सिनेमा मात्र पुढे चालत राहतो, कारण तो थेट नॅसकडून टीव्हीकडे येत असतो, त्यामुळे दोष लवकर लक्षात येत नाही. घरापुरतं ते बंद केलं तरी चालतं.

लाइट जाऊन आली की खालच्या डब्याआधी नॅस जागा होऊ शकतो आणि पत्ता न मिळाल्यामुळे `169.254` ने सुरू होणारा पत्ता धरून बसतो. आधी डबा पूर्ण चालू होऊ द्या, मग नॅस. डब्याच्या सेटिंगमध्ये नॅससाठी पत्ता राखून ठेवा.

8200 च्या पानावर व्हिडिओ शून्य दिसले तर फोल्डर वाचायची परवानगी तपासा. सबटायटलची फाइल सिनेमाच्याच नावाने ठेवा. पेन ड्राइव्हवर एक प्रत असू द्या. तो FAT32 असेल तर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल त्यात जाणार नाही, आमच्या लग्नाच्या फाइलचे दोन तुकडे करावे लागले. आणि पाहुणे यायच्या तासभर आधी, टीव्ही त्याच्या जागी ठेवल्यावर, पत्त्याचे पहिले तीन आकडे परत एकदा बघा.