बोलून टाइप केलेला मेसेज: आधी दुरुस्ती, मग ‘कृपया’

उद्यमबागेतल्या वर्कशॉपमधून सप्लायरला बोलून टाइप केलेला मेसेज असा उमटला: “माल आज पाठवला नको उद्या पाठवा बिल आलं नाही म्हणून पेमेंट थांबलंय”. नुसतं ‘कृपया’ जोडलं, तर गोंधळ नम्र झाला एवढंच. वैताग!

जमलं ते या क्रमाने. आधी क्रियापदं, वार, आकडे मोठ्याने वाचून तपासले. ‘पाठवला’चं ‘पाठवायला’ केलं. मग ‘नको’नंतर स्वल्पविराम, ‘पाठवा’नंतर पूर्णविराम. ‘म्हणून’आधी मात्र तोडलं नाही, कारण तिथे तोडलं की पेमेंट का थांबलं तेच सुटतं. सूर शेवटी: “माल आज पाठवायला नको, कृपया उद्या पाठवावा. बिल आलं नाही म्हणून पेमेंट थांबलं आहे.” पाठवण्याआधी ‘नको’ आणि ‘नाही’ जागेवर आहेत ना, एवढं बघते.