रिक्रूटरने कागदपत्रं मागितली की या चुका टाळा

पडताळणीचा मेल येतो बहुधा शुक्रवारी संध्याकाळी. त्यात लिहिलेलं असतं, दोन दिवसांत पदवी प्रमाणपत्र, अनुभव पत्र आणि रिलीव्हिंग लेटर पाठवा. पोरं त्याच रात्री साडेअकराला मोबाईलवरून फॉर्म भरतात, गॅलरीतले फोटो जोडतात आणि मोकळी होतात. कोल्हापूरजवळ गोकुळ शिरगावच्या एका कारखान्यात मी बारा वर्षं एचआरला आहे. ही घाई पुढे किती आठवडे खाते ते मी दर महिन्याला बघतो. मेलमध्ये दोन दिवस दिलेले असतील तर ते दोन्ही वापरा. आणखी एक दिवस हवा असेल तर तसं कळवा, बहुतेक जण देतात.

तारखा आठवणीतून लिहिणं

मला सर्वांत जास्त चीड येते ती या चुकीची. पडताळणी करणारा माणूस कागदाचा मजकूर फारसा वाचत नाही, तो तारखा जुळवतो. फॉर्ममधली तारीख, रिलीव्हिंग लेटरवरची तारीख आणि पीएफच्या नोंदीतली तारीख अशा तिन्ही तो शेजारी मांडतो. एक जरी वेगळी निघाली तरी अहवालात 'तफावत' असा शेरा पडतो.

कसबा बावड्यातल्या एका मुलाचं सांगतो. शिरोलीच्या एका मशीन शॉपमध्ये तो क्वालिटीला होता. तिथून 14 जुलै 2023 ला, शुक्रवारी, सुटला आणि 17 जुलैला, सोमवारी, चाकणला रुजू झाला. दोन वर्षांनी तिसऱ्या कंपनीची ऑफर आली. फॉर्ममध्ये त्याने शिरोलीचा शेवटचा दिवस 31 जुलै लिहिला. 'जुलैअखेर सोडली' एवढंच त्याच्या डोक्यात होतं. गंमत म्हणजे पीएफच्या नोंदीतही 31 जुलैच होती, कारण तिथला क्लार्क कुणी कधीही सुटला तरी महिन्याची शेवटची तारीख टाकायचा. चाकणची रुजू तारीख मात्र 17. म्हणजे कागदोपत्री पंधरा दिवस पोरगा दोन ठिकाणी नोकरीला. वर 14 तारखेचं रिलीव्हिंग लेटर खोटं असावं असाही संशय आला.

त्याचा फोन आला तेव्हा आवाज कापत होता. "दादा, मित्र म्हणतोय पीडीएफमध्ये 14 चं 31 करून देतो. पाठवू काय?"

मी त्याला तिथल्या तिथे झापलं. पत्राची ऑफिस प्रत जुन्या कंपनीच्या फाइलमध्ये असते. पडताळणीवाले तुमची प्रत एचआरला पाठवून विचारतात, "हे तुम्हीच दिलंय का?" तारखेचा घोळ समजावून सांगता येतो. बदललेला कागद सापडला तर तुमचं पुढचं कुणी ऐकत नाही, ऑफर तिथेच जाते. ज्याला असा शॉर्टकट सुचतो, त्याला आपला मेल दाखवूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

आम्ही काय केलं? शिरोलीची जुलैची पगार स्लिप काढली, तिच्यावर हजेरीचे दिवस 14 होते. चाकणच्या जुलैच्या स्लिपवर 15. मधले दोन दिवस शनिवार आणि रविवार. दोन्ही पगार बँकेत कधी जमा झाले त्या ओळी काढल्या. शिरोलीच्या एचआरकडून दोन ओळींचा मेल घेतला, की शेवटचा दिवस 14 जुलै हाच, पीएफमधली नोंद आमच्याकडून चुकली. मग रिक्रूटरला उत्तर लिहिलं. फॉर्ममधली तारीख माझ्याकडून चुकली, बरोबर तारीख 14 जुलै, पीएफच्या नोंदीत 31 का दिसते त्याचं कारण हे, पुरावे सोबत. यापलीकडे एक ओळ नाही. 'गैरसमज झाला', 'कृपया समजून घ्या' असली वाक्यं मी खोडून टाकली. आठवड्याभराने 'तफावत' हा शेरा काढला गेला. पीएफची नोंद दुरुस्त करायला जुन्या कंपनीमार्फत संयुक्त घोषणापत्र भरावं लागलं. त्याला जास्त वेळ गेला, पण रिक्रूटरने त्यासाठी अडवलं नाही.

माझी स्वतःची सवय सांगतो. फॉर्म उघडण्याआधी मी पीएफच्या पोर्टलवर जाऊन `Service History` बघायला लावतो. जुन्या कंपनीची सोडल्याची तारीख तिथे कोरीच असेल, तर ती नोकरी अजून चालू आहे असं दिसतं. शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिने उलटले असतील तर `Mark Exit` मधून आधारच्या ओटीपीने ती तारीख स्वतः भरता येते. पण भरताना रिलीव्हिंग लेटर समोर ठेवा, कारण एकदा भरलेली तारीख सहज बदलत नाही.

ठेकेदाराकडची नोकरी कारखान्याच्या नावावर लिहिणं

कागलच्या पंचतारांकित औद्योगिक वसाहतीत मोठ्या नावाच्या कारखान्यात काम केलं, गणवेशावरही तेच नाव, पण पगार आणि पीएफ लेबर कॉन्ट्रॅक्टरकडून. फॉर्ममध्ये मुलगा कारखान्याचं नाव लिहितो. पडताळणीवाला कारखान्याला विचारतो आणि उत्तर येतं, 'या नावाचा कर्मचारी आमच्याकडे नव्हता.' खरं काम केलेला मुलगा खोटा ठरतो, याचं मला फार वाईट वाटतं. पगार स्लिपवर ज्याचं नाव, तोच तुमचा मालक. 'अमुक कॉन्ट्रॅक्टर, कामाचं ठिकाण तमुक कारखाना' असं लिहा. त्यात कमीपणा काही नाही.

पदवीचं वर्ष

शिवाजी विद्यापीठाचं पदवी प्रमाणपत्र दीक्षांत समारंभानंतर हातात येतं, आणि तोवर बहुधा पुढचं वर्ष उजाडलेलं असतं. उत्तीर्ण झाल्याचं वर्ष शेवटच्या सत्राच्या गुणपत्रिकेवरून लिहा, समारंभाच्या तारखेवरून नाही. प्रमाणपत्र अजून घेतलंच नसेल तर तात्पुरतं प्रमाणपत्र आणि सगळ्या सत्रांच्या गुणपत्रिका जोडा, आणि मूळ प्रमाणपत्रासाठी अर्ज केला असेल तर त्याची पावतीही. लग्नानंतर नाव बदललेल्या मुलींनी विवाह नोंदणीचा दाखला न मागता सोबत द्यावा.

किरकोळ, पण रोजचं

फोटो नको, स्कॅन हवा. एका कागदाची एक पीडीएफ, फाइलच्या नावात तुमचं नाव आणि कागदाचं नाव. रिलीव्हिंग लेटर आणि अनुभव पत्र एकच समजू नका. पहिलं कामातून मोकळं केल्याची तारीख सांगतं, दुसरं कधीपासून कधीपर्यंत कुठल्या पदावर होता ते. राजीनामा मंजूर झाल्याचा मेल म्हणजे रिलीव्हिंग लेटर नव्हे. पत्र अजून मिळायचं असेल तर तो मेल जोडा आणि पत्र कधी मिळेल ते लिहा. पडताळणीसाठी कुणी पैसे मागितले किंवा मूळ कागद कुरिअरने मागवले, तर एकही कागद पाठवू नका. आधी कंपनीच्या वेबसाइटवरच्या नंबरवर फोन लावून खात्री करा.

जुन्या मालकाला न सांगणं

शिवाजी उद्यमनगरातल्या छोट्या शॉपला कंपनीच्या नावाचा ईमेल नसतो. असतो तो मालकाचा खासगी, आणि पडताळणीवाले तो बऱ्याचदा मान्य करत नाहीत. अशा वेळी लेटरहेडवर जीएसटी नंबर, दुकानाचा फोन, सही आणि शिक्का असलेलं सेवा प्रमाणपत्र घ्या. त्यासोबत पगार जमा झाल्याची बँकेची नोंद द्या. आणि फॉर्म पाठवण्याआधी मालकाला भेटून या. पुण्याहून किंवा बेंगळुरूहून अनोळखी नंबरवरून इंग्रजीत फोन येतो तेव्हा मशीनच्या आवाजात मालक "राँग नंबर" म्हणून ठेवून देतो. "काका, या आठवड्यात माझ्याबद्दल एक फोन येईल, तारखा या कागदावर लिहिल्यात," असं सांगून तो कागद त्यांच्या टेबलाच्या काचेखाली ठेवून यायला मी प्रत्येकाला लावतो.