गोजेकमध्ये 'शेअर' आणि 'इमर्जन्सी' यांत गल्लत नको

बालीत गोजेक या टॅक्सी ॲपवरून गाडी बुक केल्यावर ड्रायव्हर ठरला की Bagikan, म्हणजे शेअर, हा पर्याय वापरून प्रवासाची लिंक घरी व्हॉट्सॲपवर पाठवा. बसण्याआधी ॲपमधला नंबर पाटीशी ताडून पाहा. बालीच्या गाड्यांचा नंबर सहसा DK ने सुरू होतो, पण पुढचे आकडेही जुळायलाच हवेत.

लिंकवर घरच्यांना गाडी कुठे आहे ते दिसतं, एवढंच. गाडी वाट सोडून गेली तर ते स्वतः नकाशा बघत असतील तरच त्यांना कळेल. मदत हवी असेल तर Darurat, म्हणजे इमर्जन्सी, लिहिलेलं बटण वापरायचं. ते कुठे आहे हे गाडी सुरू होतानाच पाहून ठेवा.

समजा, तुम्ही रात्री दीडला देनपसार विमानतळावरून उबुदला निघालात. पुण्यात तेव्हा अकरा वाजलेले असतात, म्हणजे बहीण जागी असू शकते. पण इंडोनेशियन पोलिसांचा 110 तिला भारतातून लागणार नाही. म्हणून लिंकसोबत हॉटेलचा +62 ने सुरू होणारा नंबर आणि पोहोचायची अंदाजे वेळही पाठवा. उशीर झाला तर हॉटेलवाल्यांना फोन करायचा, हे तिला आधीच सांगून ठेवा.